पंच नव्हे, मध्यस्थ: शाळेतली भांडणं मुलांनीच सोडवण्याची पार्श्वभूमी

शाळेतली भांडणं सोडवायला मदत करणाऱ्या विद्यार्थी मध्यस्थांच्या पहिल्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास विचारला जातो. दोन मुलं भांडून तुमच्यासमोर आली, तर काय कराल? उत्तरही हमखास एकच येतं. ‘चूक कोणाची ते बघू आणि त्याला सॉरी म्हणायला लावू.’ मुलांचा यात दोष नाही. भांडण मिटवायला आलेला माणूस त्यांनी आजवर याच रूपात पाहिलेला असतो, मग तो शिक्षक असो, पालक असो की वर्गाचा मॉनिटर. पहिल्या सत्राचा निम्मा वेळ हे उत्तर मोडण्यात जातो. ते का मोडायचं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

निकाल न देता मध्यस्थी करण्याचा विचार शाळेत जन्मला नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत शेजाऱ्यांची भांडणं, भाडेकरू आणि घरमालकांचे वाद अशी प्रकरणं कोर्टात पडून राहत. 1976 मध्ये रेमंड शॉनहोल्ट्झ या वकिलाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘कम्युनिटी बोर्ड्स’ सुरू केलं. वस्तीतल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून बोलतं करायचं. निकाल द्यायचा नाही. पुढच्याच वर्षी नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी एका गाजलेल्या लेखात म्हटलं, की भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि वकील-तज्ज्ञ ती त्यांच्याकडून चोरतात. वाक्य ऐकायला विचित्र आहे, पण शाळेत तंतोतंत लागू पडतं. शिक्षक ‘तू त्याचं पेन दे, तू जागेवर बस’ म्हणतात तेव्हा भांडण संपत नाही, फक्त मुलांच्या हातून जातं आणि मधल्या सुट्टीत परत येतं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कम्युनिटी बोर्ड्सने हीच रीत शाळांमध्ये नेली. ठरावीक टी-शर्ट घातलेली मुलं जोडीने मैदानावर फिरत आणि भांडण दिसलं की विचारत, ‘मदत हवी का?’ नको म्हटलं तर पुढे जात. ही ऐच्छिकता वस्तीतल्या मंडळांकडून आली. मध्यस्थ दोघं असण्याची रीतही टिकली आहे. एक बोलत असताना दुसरा चेहरे बघू शकतो, शिवाय एकट्या मुलावर ‘तू तिच्या बाजूचा’ असा आरोप करणं सोपं असतं.

दुसरा प्रवाह वर्गातून आला. न्यूयॉर्कमधल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1972 मध्ये शाळकरी मुलांसाठी ऐकण्याचे, सहकार्याचे खेळ सुरू केले. मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू तर 1960 च्या दशकापासून म्हणत होते, की वाटाघाट प्रत्येक मुलाला शिकवा आणि मध्यस्थाचं काम आळीपाळीने सगळ्यांना द्या. निवडक वीस-पंचवीस मुलांची तुकडी की सगळी शाळा, हा वाद अजून मिटलेला नाही. बहुतेक शाळा तुकडी निवडतात, कारण ते परवडतं. मग फक्त हुशार, शिस्तीची मुलं घेतली की ज्यांची भांडणं होतात ती मुलं त्यांच्याकडे फिरकत नाहीत. माझ्या मते तुकडीत दोन-चार तरी अशी मुलं हवीत, ज्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीचा रस्ता पाठ आहे.

आता पहिलं सत्र. साधारण दोन तास, गोल बैठक. सुरुवातीला ऐकण्याचा एक खेळ असतो. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता, प्रश्न न विचारता ऐकायचं आणि मग आपल्या शब्दांत परत सांगायचं. सोपं वाटतं, पण अर्ध्या मिनिटात कोणीतरी ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणून सुरू होतंच.

मग नाटुकलं. दोन मुलींना चिठ्ठ्या मिळतात. ‘मीरा’च्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: दुसऱ्या बाकावरची जागा रोज माझी, आज तन्वीने माझं दप्तर ढकललं. ‘तन्वी’च्या चिठ्ठीवर: जागा कोणाच्या नावावर नसते, मी आधी आले. दोन्ही चिठ्ठ्यांचा खालचा भाग दुमडलेला असतो. त्यातलं, कोणी नीट विचारलं तरच सांगायचं.

मध्यस्थ झालेली जोडी साधारण चौथ्या मिनिटाला तोडगा काढते. ‘एक दिवस तू बस, एक दिवस ती.’ सगळा गोल खूश. प्रशिक्षक तिथे थांबवून दोघींना दुमडलेला भाग वाचायला सांगतात. मीरा वाचते: मला मागून फळा दिसत नाही, पण चष्मा लागेल म्हणून घरी सांगितलं नाही. तन्वी वाचते: मागच्या बाकावरच्या मुली रोज माझ्या बोलण्याची नक्कल करतात.

आता वाटणीचा हिशेब पुन्हा करून बघायचा. तिच्या पाळीच्या दिवशी मीराला फळा दिसेल, दुसऱ्या दिवशी नाही. तन्वी दिवसाआड त्याच मुलींच्या तावडीत. न्याय अगदी समसमान आणि दोघींचंही काम झालेलं नाही. मीराला पुढे बसायचं होतं, तन्वीला मागून सुटायचं होतं. ‘तीच’ जागा खरं तर दोघींपैकी कोणालाच नको होती.

मागणीमागची गरज शोधण्याची ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. व्यवस्थापनाच्या अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 च्या एका भाषणात वाचनालयातला प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना स्वतःला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली आणि फॉलेटबाईंच्या अंगावर थेट वारा आला नाही. मागणी आणि तिच्यामागची गरज वेगळी असते, हे व्याख्या पाठ करून कळत नाही. आपलाच तोडगा फसताना बघितला की कळतं.

म्हणून दुसऱ्या फेरीत जोडीला एकच बंधन घालतात: तोडगा तुम्ही सुचवायचा नाही. फक्त विचारायचं. ‘ती जागा मिळाली तर काय बरं होईल?’ ‘आणखी काय चाललंय?’ ‘का’ शक्यतो टाळायचं, कारण ‘तू का ढकललंस?’ हा प्रश्न मुलांना दटावणीसारखाच ऐकू येतो.

तन्वीची चिठ्ठी मुद्दाम तशी लिहिलेली असते. रोजची नक्कल हे दोघींमधलं भांडण नाही, तो एकीला अनेकींनी दिलेला त्रास आहे. छळ होणाऱ्या मुलीला छळणाऱ्यांसमोर बसवून ‘दोघी थोडं थोडं समजून घ्या’ म्हणणं म्हणजे निम्मा दोष तिच्या पदरात टाकणं. अशी गोष्ट मध्यस्थांकडून मोठ्यांकडे जाते. कोणाला इजा होण्याचा धोका, घरी होणारी मारहाण, शस्त्र, नशा यांचंही तसंच. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, हे वचन देतानाच त्यातले अपवादही सांगायचे असतात. वचन देऊन मग ते मोडलं, तर पुन्हा कोणी त्या खोलीत येत नाही.

सत्र संपताना जोड्या मध्यस्थीच्या सुरुवातीला सांगायची चार वाक्यं म्हणून बघतात: आम्ही बाजू घेणार नाही, एकाचं बोलणं तोडायचं नाही, शिव्या नाहीत, कोणीही कधीही उठून जाऊ शकतं. शेवटच्या वाक्यावर कोणीतरी विचारतंच, ‘आणि खरंच उठून गेले तर?’ जाऊ द्यायचं. मैदानावरचा टी-शर्टवाला मुलगाही तेच करत होता.