कृती-आवाहन

लेख, पत्र किंवा जाहिरात वाचून झाल्यावर वाचकाने पुढे काय करावे हे सांगणारे वाक्य किंवा बटणावरील मजकूर. इंग्रजीतील ‘कॉल टू ॲक्शन’ या संज्ञेसाठी मराठीत हा शब्द वापरतात. वाचकाला क्लिक करायला किंवा प्रतिक्रिया लिहायला सांगताना आवाहनात रेटा किंवा अजिजी येऊ नये, हा यातला नाजूक भाग असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

‘कृती’ ही जाहिरातीची शेवटची पायरी केव्हा मानली गेली, याबद्दल मतभेद आहेत. लक्ष, रस, इच्छा आणि कृती या चार पायऱ्यांचे श्रेय अमेरिकी जाहिरातकार एल्मो लुईस यांना आणि १८९८ या वर्षाला देण्याची प्रथा आहे. तिचा मुख्य आधार मात्र मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनंतर, केलेला उल्लेख आहे. त्यातही लुईस यांच्या मूळ सूत्रात पहिल्या तीनच पायऱ्या होत्या व ‘कृती’ त्यांनी मागाहून जोडली, असे स्ट्राँग सांगतात. चारही पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘एडा’ हे रूप सर्वसाधारणपणे १९२१ च्या सुमाराचे, सी. पी. रसेल यांच्या लेखातले मानले जाते. त्यामुळे १८९८ हे वर्ष संपूर्ण सूत्राला लावण्यापेक्षा कृतीची पायरी नंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आग्रह उलटतो का, याचे एक उत्तर जॅक ब्रेम यांच्या १९६६ मधील प्रतिरोध-सिद्धांतात मिळते. आपले निवडीचे स्वातंत्र्य हिरावले जाते आहे असे वाटले, की माणूस ते परत मिळवण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीच्या उलट वागू लागतो. फ्रान्समधील निकोला गेगां व अलेक्झांद्र पास्क्वाल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धाग्यावर आहे. त्यात अनोळखी माणसांकडे बसभाड्यासाठी सुटे पैसे मागितले. नुसती विनंती केली तेव्हा सुमारे दहा टक्के लोकांनी पैसे दिले; ‘द्यायचे की नाही, ही तुमची मर्जी’ एवढे जोडल्यावर हे प्रमाण सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. ख्रिस्तोफर कारपेंटर यांनी २०१३ मध्ये अशा बेचाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मर्जीचा उल्लेख उपयोगी पडतो, पण काम तिथल्या तिथे करायचे नसेल तर परिणाम ओसरतो, असे त्यात दिसले. म्हणूनच ‘सवडीने नंतर वाचा’ या आवाहनापेक्षा आत्ताच करता येण्याजोग्या लहान कामाला ही युक्ती अधिक लागू पडते.

मराठीत विनंतीची धार क्रियापदाच्या रूपावरून ठरते. ‘कळवा’ हा आज्ञार्थ; जवळिकीत तो खटकत नाही. ‘कळवावे’ हा विध्यर्थ कार्यालयीन पत्राला आणि लग्नपत्रिकेला शोभतो, पण पडद्यावर परका वाटतो. ‘कळवाल का?’ यात नकाराला जागा राहते. ‘नक्की’, ‘विसरू नका’, ‘प्लीज’ यांची भर पडली की मात्र तिन्ही रूपे सारखीच केविलवाणी होतात.

तरीही क्रियापदापेक्षा काय विचारले आहे, याला अधिक महत्त्व आहे. घरातल्या जुन्या मोडी कागदांवरील एक लेख घेऊ. त्याच्या शेवटी ‘लेख कसा वाटला? कमेंटमध्ये नक्की सांगा’ असे असेल, तर वाचकाला लेखकाची स्तुती करण्यावाचून काम उरत नाही, आणि ‘छान’, ‘मस्त’ अशी एकशब्दी उत्तरे येतात. एकशब्दी उत्तरांची रांग ही प्रश्न चुकल्याची ओळखीची खूण आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘तुमच्या घरी मोडी कागद असेल, तर त्यावर कोणता शक आहे? शालिवाहन, राज्याभिषेक की फसली सन? वाचता येत नसेल तर तसेही लिहा.’ येथे वाचकाकडे असलेली माहिती मागितली आहे, उत्तर एका ओळीत मावते आणि ज्याला मोडी येत नाही त्यालाही दार उघडे आहे. लेखात शकांची चर्चा होऊन गेलेली असली पाहिजे, नाहीतर प्रश्न आगंतुक वाटतो.

दुव्याच्या मजकुरालाही हाच न्याय लागतो. ‘येथे क्लिक करा’ यातून पुढे काय मिळेल ते कळत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा पडदा-वाचक वापरणाऱ्या अंध व्यक्तीला दुव्यांच्या यादीत तेच तीन शब्द पुनःपुन्हा ऐकू येतात. ‘मोडी बाराखडी पाहा (पीडीएफ, २ पाने)’ असे लिहिले, की क्लिक करण्याआधीच वाचकाला निवड करता येते. मजकुराने दिलेला शब्द पुढच्या पानाने पाळला नाही, तर क्लिक वाढतात पण वाचक लगेच मागे फिरतात.

रेट्याला नियमांचीही मर्यादा आहे. लाइक, शेअर वा टॅग ओढण्यासाठी केलेल्या पोस्टचा प्रसार कमी करण्याचे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. मदत वा सल्ला मागणाऱ्या पोस्ट त्यातून वगळल्या होत्या. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत तेरा प्रकार दिले आहेत. खोटी घाई, सततचा तगादा आणि नकार देणाऱ्याला लाजवणारा मजकूर हे त्यांपैकी तीन होत. या सूचना वस्तू व सेवा देणाऱ्या मंचांना, जाहिरातदारांना आणि विक्रेत्यांना लागू आहेत.