मेसेजमधला ओटीपी आणि ॲपमधला कोड: दिसायला जुळे, वाटा वेगळ्या

लॉगिन करताना पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड मेसेजने येतो किंवा गूगल ऑथेंटिकेटरसारख्या ॲपमध्ये दिसतो. दोन्ही कोड बहुधा सहा आकडी असतात आणि दोन्ही थोड्या वेळात बाद होतात, त्यामुळे बरेच जण त्यांना एकच समजतात. पण ओटीपी वेबसाइटच्या सर्व्हरवर तयार होतो आणि मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून तुमच्यापर्यंत येतो. ॲपचा कोड तुमच्याच फोनमध्ये तयार होतो. तो कुणी पाठवतच नाही.

मेसेज फोनला नव्हे, नंबरला येतो. नंबर कोणत्या सिमवर चालवायचा हे कंपनीची यंत्रणा ठरवते. भामटा तुमचं नाव, जन्मतारीख वगैरे सांगून 'सिम हरवलं' म्हणतो आणि नवं सिम चालू करून घेतो. तुमच्या फोनची रेंज अचानक जाते आणि फोन रीस्टार्ट करूनही परत येत नाही. तेवढ्यात तो 'पासवर्ड विसरलो' दाबतो आणि कोड थेट त्याच्या हातात पडतो. नंबर बळकावला नाही तरी मेसेज वाटेत पकडता येतात. २०१८ मध्ये रेडिटच्या काही कर्मचाऱ्यांच्या खात्यांत हल्लेखोर शिरले, ते मेसेजने येणारे कोड असे पकडूनच.

ॲप जोडताना तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एकदाच फोनमध्ये येते आणि तिची एक प्रत सर्व्हरकडे राहते. पुढे दोघेही १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून त्यांना ३० ने भागतात. समजा १,७००,०००,००० सेकंद झाले, तर अपूर्णांक सोडून ५६,६६६,६६६ उरतात. हा आकडा आणि किल्ली एकत्र करून गणित केलं की दोन्हीकडे तोच कोड निघतो. इंटरनेट नको, रेंज नको, आणि नंबर चोरणाऱ्याला किल्ली मिळत नाही. मात्र फोनचं घड्याळ मिनिटभर जरी चुकलं, तर कोड सहसा नाकारला जातो. तेव्हा तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

खोट्या लॉगिन पानापुढे मात्र ॲपही हतबल आहे. तिथे टाकलेला कोड भामटा काही सेकंदांत खऱ्या साइटवर वापरतो. तो धोका टाळायला फक्त खऱ्या साइटवरच चालणारी पासकी किंवा सिक्युरिटी की लागते.

ॲप लावूनही एक भोक हमखास राहून जातं: मेसेजचा पर्याय मागे तसाच चालू असतो. मग भामटा 'दुसऱ्या पद्धतीने' निवडून कोड नंबरवरच मागवतो. म्हणून सेटिंगमध्ये आधी ॲप जोडा, साइटने अडचणीसाठी दिलेले बॅकअप कोड कागदावर उतरवून फोनपासून दूर ठेवा, एकदा खात्यातून बाहेर पडून ॲपच्या कोडने लॉगिन होतंय का ते बघा आणि मगच नंबर काढा. पासवर्ड परत मिळवण्याच्या पर्यायातही तो नंबर असतो, तिथूनही काढा. जुना फोन विकण्यापूर्वी किल्ल्या नव्या फोनवर न्यायला विसरलात, तर तोच कागद कामाला येतो.