दोन मायक्रोसेकंद कुठे गेले?

मोटरचा वेग स्थिर ठेवणारा प्रोग्राम दर १००० मायक्रोसेकंदांनी जागा होतो, वेग वाचतो आणि मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतो. पुढची फेरी सुरू होण्याआधी हे संपलेच पाहिजे. ती त्याची डेडलाइन. एरवी ३५० मायक्रोसेकंदांत काम उरकतं. पण कोडमधला सर्वांत लांबचा रस्ता पकडावा लागला आणि प्रत्येक लूप पूर्ण फिरला, तर ६०० लागतात. हिशेब या ६००चाच करायचा. सरासरीचा इथे काही उपयोग नाही.

शिवाय मध्येमध्ये इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला दुसऱ्या तातडीच्या कामासाठी मारलेल्या हाका, येतात आणि तेवढा वेळ मुख्य काम थांबतं. समजा, मोटर पूर्ण वेगात असताना एन्कोडरचा, म्हणजे मोटर फिरताना पल्स देणाऱ्या सेन्सरचा, इंटरप्ट दर ५० मायक्रोसेकंदांनी येतो आणि त्याचा हँडलर, म्हणजे त्या हाकेवर चालणारा छोटा कोड, ६ घेतो. सीरियल पोर्टवर ११५२०० बॉडने साधारण दर ८६ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. त्याचा हँडलर २० घेतो.

आता ६०० मायक्रोसेकंदांत, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरून, सीरियलचे ७ आणि एन्कोडरचे १२ इंटरप्ट बसतात. त्यांचा वेळ मिळवला की बेरीज ८१२ होते. पण काम लांबलं म्हणजे त्यात आणखी इंटरप्ट शिरणार, म्हणून ८१२ धरून पुन्हा मोजायचं: ९०२. पुन्हा: ९३४. त्यानंतर आकडा हलत नाही. हाच सर्वांत वाईट प्रतिसादकाळ, आणि तो १०००च्या आत आहे.

मात्र हँडलरचे ६ आणि २० मोजले कसे, हे विचारायलाच हवं. हँडलरच्या पहिल्या ओळीत एक पिन वर करायची, शेवटच्या ओळीत खाली, आणि ऑसिलोस्कोपवर रुंदी बघायची, ही नेहमीची पद्धत. पण रजिस्टर, म्हणजे मुख्य कामाचे प्रोसेसरमधले चालू आकडे, जपून ठेवणं आणि परत भरणं या दोन ओळींच्या बाहेर घडतं. १६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर त्यात ३२ सायकल गेल्या, तर ते २ मायक्रोसेकंद झाले. हँडलर आता ८ आणि २२चे. तोच हिशेब पुन्हा केला की १०३२ येतात. डेडलाइन चुकली!

चाचणीत हे सहसा सापडत नाही. सर्वांत लांबचा रस्ता, पूर्ण वेग आणि सीरियलवर अखंड डेटा हे सगळं एकाच वेळी जुळावं लागतं, म्हणून कागदावरचा हिशेब टाळता येत नाही.

उपाय सीरियलच्या बाजूने सोपा आहे. बाइट डीएमएकडे, म्हणजे प्रोसेसरला न थांबवता डेटा थेट मेमरीत ठेवणाऱ्या हार्डवेअरकडे, सोपवून दर १६ बाइटांमागे एकच इंटरप्ट घेतला, तर तो १३७६ मायक्रोसेकंदांनी येईल. त्याला ४० दिले तरी एकूण ७६८वर थांबतं. डीएमए मेमरीची बस थोडी अडवतो, तेवढी भर ६००मध्ये आधीच घालावी.

एन्कोडरचं ५० हे अंतर मात्र केवळ गृहीत आहे. तारेत नॉइज आला तर खोट्या पल्सेस त्याहून जवळजवळ येतात आणि सगळी बेरीज कोसळते. म्हणून इनपुटवर फिल्टर बसवावा आणि पल्स ठरलेल्या अंतराआधी आलीच, तर हँडलरने पुढच्या फेरीपर्यंत तो इंटरप्ट बंद करून बिघाडाची नोंद करावी.