घरघंटीची मोटर तापते? आधी दगड बघा

बडोद्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

श्रावण लागला की दुकानातला फोन एकाच तक्रारीने वाजायला लागतो. "मोटर तापून बंद पडतेय, जळली की काय?" बहुतेक घरी जाऊन बघितलं तर मोटर धडधाकट असते. तिच्यावर दगडांचं ओझं जास्त पडलेलं असतं, एवढंच. दगडांमधली फट कमी झाली, नाहीतर ओलसर किंवा तेलकट धान्याने दगडांचं तोंड बुजलं, की दाणा कापला न जाता चोळला जातो आणि दगड फिरवायला मोटरला जास्त जोर लागतो. म्हणून मोटरवर खर्च करण्याआधी हे पत्रक एकदा वाचावं.

हे पत्रक दगडाच्या घरघंटीसाठी आहे. बिनदगडी, जाळीच्या मशीनमध्ये फटीचा प्रश्नच नसतो. पण त्यातही ओलं धान्य जाळी बुजवतं, तेव्हा धान्याबद्दलचा भाग त्यांनीही वाचायला हरकत नाही.

किती तापली म्हणजे जास्त?

दळण संपल्यावर मोटरचं अंग गरम लागणारच. हात ठेवला आणि तीन-चार सेकंद टिकला, तर काळजी नको. लावताक्षणी हात मागे घ्यावा लागला, किंवा लाल बटण उडून मशीन बंद पडलं, तर थांबा. ते लाल बटण मोटरचा राखणदार आहे. ते पुन्हा दाबण्याआधी मोटर किमान अर्धा तास थंड होऊ द्या. उडालं की दाबलं, उडालं की दाबलं, असं करणाऱ्यांचीच वाइंडिंग शेवटी खरोखर जळते. काही मोटरींना बटण नसतं. त्या थंड झाल्या की आपोआप चालू होतात. त्यामुळे मशीन बंद पडलं तरी पिन काढल्याशिवाय आत हात घालू नका.

वासानेही बरंच कळतं. करपलेल्या पोळीसारखा वास आला तर पीठ दगडांत भाजलं जातंय. जळक्या रबराचा वास आला तर पट्टा घसरतोय. वॉर्निशसारखा, डोळ्यांत झोंबणारा वास मात्र वाइंडिंगचा. तो आला तर मशीन चालवून बघू नका, आम्हाला बोलवा.

एका घरातली गोष्ट

दांडिया बाजारातल्या एका घरी गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेलो होतो. एक हॉर्सपॉवरची मोटर, पाटीवर 7 अँपिअर लिहिलेले. दहा मिनिटं चालायची आणि बटण उडायचं. आधी आलेल्या मिस्त्रीने नवी मोटर सांगितली होती. आम्ही करंट मोजायला टाँग टेस्टर लावला. दगड लांब करून मशीन रिकामं चालवलं, तर मोटर शांत, आवाज एकसारखा, करंट पाटीपेक्षा बराच कमी. म्हणजे बेअरिंग आणि वाइंडिंग ठीक. गहू सोडले तसा काटा 9 च्या वर गेला. 7 आणि 9 हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे ती दीडपटीहून जास्त झाली होती. बटण उडणारच.

दगड उघडले तेव्हा कारण समोर आलं. खाचा दिसतच नव्हत्या. दोन्ही दगडांवर तपकिरी, चकचकीत थर बसला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. काकूंना विचारल्यावर सगळा क्रम लागला. आधी मोदकांच्या पिठीसाठी धुऊन पंख्याखाली वाळवलेले तांदूळ दळले, वरून हाताला कोरडे पण आत ओल होती. त्याची लापशी खाचांत बसली. मग त्यावर दिवेल लावलेले गहू दळले, आणि तेलाने ती लापशी घट्ट झाली. पीठ बारीक येईना म्हणून त्यांनी चाक आणखी आवळलं. इथेच बहुतेकांचं चुकतं. बुजलेला दगड जाडं पीठ देतो, आणि जाडं पीठ आलं की माणूस फट कमी करतो.

तारेच्या ब्रशने दगड कोरडेच घासले, जिथे खाचा अगदी बुजल्या होत्या तिथे टाकी लावली, फट नव्याने बांधली आणि कोरडे गहू सोडले. काटा साडेसहावर स्थिर झाला. मोटर तीच.

फट कशी बांधायची

दोन दगडांपैकी एक स्थिर असतो, एक फिरतो. बाजूचं चाक आवळलं की ते जवळ येतात. आकड्यांवर फार विश्वास ठेवू नका, कारण दगड झिजतो तसा मागच्या वर्षीचा "3" यंदाचा "3" राहत नाही. फट कानाने बांधायची.

धान्याची झडप बंद ठेवा, दगड चांगले सैल करा आणि मशीन रिकामं चालू करा. आता चाक अगदी हळू आवळत जा. एका जागी बारीक "खर्र" असा घासल्याचा आवाज येईल. ती दगड टेकण्याची जागा. तिथे क्षणभरही थांबायचं नाही, लगेच चाक मागे घ्या. कोरडा दगड दगडावर फिरला तर दोघंही तापतात, कच पिठात येते आणि खाचा झिजतात. मागे घेतल्यावर आवाज पूर्ण थांबला की थोडं धान्य सोडा, पीठ बघा, आणि मग केसभर पुढे-मागे करून फट बसवा. शेवटी चाकाचा लॉकनट आवळायला विसरू नका. थरथरीने चाक आपोआप फिरतं, आणि मग "काल बरोबर होतं, आज जाड येतंय" असा फोन येतो.

पीठ चिमटीत घेऊन बघा. पोळीचं पीठ बोटांना मऊ लागावं, पण कोंडा त्यात चपट्या पापुद्र्यांसारखा वेगळा दिसावा. कोंड्याचीही भुकटी झाली असेल आणि पीठ हाताला चांगलंच गरम लागत असेल, तर फट फार कमी आहे. त्या पिठाच्या पोळ्याही चिवट होतात. भाखरीला लागतो तसा रवाळ दळ हवा असेल तर चाक सैल करा, मोटरला तेवढाच आराम. मूठभर पिठात अर्धं बारीक आणि अर्धं जाड आलं तर दगड एका बाजूला कलला आहे. तो चाकाने सरळ होत नाही, ते काम आमचं.

चालू करताना दगड सैल आणि झडप बंद. बंद करतानाही आधी झडप बंद, आतलं धान्य संपू द्या, दगड सैल, मग स्विच. भरलेल्या दगडांवर मोटर सुरू करायला गेलात तर ती नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. ते गुणगुणणं ऐकलं की दोन सेकंदांत स्विच बंद करा. दगड सैल असतानाही तशीच गुणगुणत असेल, तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता जास्त.

ओल

दळायचे गहू साधारण 12 टक्के ओलाव्याचे असावेत. 14 च्या वर गेले की ते दगडाला धरायला लागतात. घरी मीटर नसतो, तेव्हा हे करून बघा. चमचाभर मीठ तव्यावर गरम करून कोरडं करा (पावसाळ्यात मीठच ओलं असतं, म्हणून ही पायरी गाळू नका), थंड झाल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत अर्ध्यापर्यंत धान्य घेऊन त्यात घाला, झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य दळायचं नाही. तांदळाचा दाणा दातांखाली कट्कन तुटला पाहिजे, दबला तर आत ओल आहे.

मोदकाच्या पिठीचे तांदूळ धुतल्यावर सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवा, आणि हवा दमट असेल तर एका दिवसाच्या भरवशावर राहू नका. दिवाळीत अनारशांचे तांदूळ मात्र ओलसरच दळावे लागतात. ते घरघंटीत अजिबात घालू नका, मिक्सरमध्ये करा. यावर आमच्याकडे दुसरा उपाय नाही.

तेल

बडोद्यात वर्षाचे गहू दिवेल लावून भरायची पद्धत आहे, आणि किडीपासून ते खरंच वाचतात. अडचण दिवेलाची नाही, त्याच्या प्रमाणाची आहे. 20 किलोच्या मणाला 100 ग्रॅमच्या आसपास दिवेल हाताने नीट चोळलं तर दाण्याला फक्त झिलई येते. दाणे ओंजळीत एकमेकांना चिकटत असतील तर जास्त झालंय. असे गहू दळण्याआधी जाड सुती कापडात चोळून पुसा आणि तासदोन तास उन्हात घाला. ऊन नसेल तर नुसते पुसा, धुऊ नका. धुतलेले दिवेलाचे गहू पावसाळ्यात नीट वाळत नाहीत, आणि मग वर सांगितलेल्या घरात झालं तसंच होतं.

गव्हात तेल जेमतेम 2 टक्के असतं, सोयाबीनमध्ये 20 च्या आसपास, तीळ आणि शेंगदाण्यांत निम्म्याच्या जवळ. त्यामुळे सोयाबीन 9 किलो गव्हाला 1 किलोपर्यंत, नीट मिसळून चालेल, एकटं नाही. तीळ, शेंगदाणे, जवस दगडात घालूच नका. भाजणी पूर्ण थंड झाल्यावर दळा. गरम भाजणीची वाफ आत कोंडते आणि पीठ दगडाला धरतं.

दगड थोडे बुजले असतील तर चाक सैल ठेवून अर्धा किलो कोरडी तांदळाची कणी दळा, ते पीठ टाकून द्या. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. मीठ घालून दगड साफ करायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, लोखंडी भाग गंजतात. पाणीही नको. आमच्या मशीनमधले दगड एमरीचे आहेत, आणि त्यातल्या खड्यांना बांधून ठेवणारं मॅग्नेशियमचं सिमेंट पाण्याने कमजोर होतं.

दगड, धान्य, फट सगळं ठीक असूनही मोटर तापत असेल, तर मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मोटरच्या मागच्या जाळीतलं पीठ ब्रशने काढा, आणि बारीक वायरच्या एक्स्टेंशनऐवजी थेट 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन लावा. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते. तरीही फरक पडला नाही तर फोन करा. शेवटी काय दळलं होतं आणि किती मिनिटांनी मशीन बंद पडलं, एवढं सांगा. आणि त्या दळणातलं मूठभर पीठ काढून ठेवा, आल्यावर आम्ही आधी तेच बघतो.