अँटिबॉडी खूण करते, मारतं कोण?

रक्तद्रवातले काही घटक जिवाणूंवर बसले की पांढऱ्या पेशी ते जिवाणू पटापट गिळतात, हे १९०३ मध्येच दाखवलं गेलं होतं. त्यालाच ऑप्सोनायझेशन म्हणतात. पुढे कळलं की अशाच एका घटकाचं, म्हणजे अँटिबॉडी या प्रथिनाचं, एक टोक लक्ष्याला धरतं आणि दुसरं, म्हणजे एफसी, मारेकरी पेशीवरच्या रिसेप्टरमध्ये अडकतं. इथवर भांडण नव्हतं.

भांडण सुरू झालं ते १९६० च्या दशकानंतर, मोजण्याच्या पद्धतीवरून. लक्ष्यपेशींत किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरायचं, वर अँटिबॉडी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घालायच्या, साधारण चार तास थांबायचं आणि वरच्या द्रवात किती क्रोमियम सांडलं ते मोजायचं. एनके पेशी ही एक मारेकरी पांढरी पेशी लक्ष्याला भोक पाडते, त्यामुळे क्रोमियम बाहेर येतं आणि आकडा वाढतो. मॅक्रोफेज ही गिळणारी पेशी, तो मात्र अख्खं लक्ष्य गिळतो, क्रोमियम त्याच्याच पोटात राहतं आणि आकडा हलत नाही. चाचणीला दिसलं त्याला, म्हणजे अँटिबॉडीच्या आधाराने पेशीने केलेल्या हत्येला, एडीसीसी नाव मिळालं, श्रेय एनके पेशींना गेलं.

१९९७ मध्ये बी पेशींच्या लिम्फोमा या कर्करोगावर रिटुक्सिमॅब या अँटिबॉडी-औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर आला. २००० साली उंदरांत दिसलं की सक्रिय करणारे एफसी रिसेप्टर नसतील, तर औषधाचा असर बराच घटतो. मग २००२ चा गाजलेला अभ्यास आला. एनके पेशींवरच्या सीडी१६ए या एफसी रिसेप्टरच्या १५८ व्या जागी दोन्ही जनुकप्रतींत व्हॅलिन हे अमिनो आम्ल असलेल्यांपैकी ९० टक्के रुग्णांत १२ महिन्यांनंतरही प्रतिसाद टिकून होता. त्याऐवजी फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल देणारी एक तरी प्रत असलेल्यांत ५१ टक्के. व्हॅलिनवाला रिसेप्टर एफसीला घट्ट धरतो. ‘एडीसीसी सिद्ध झाली’ असा डंका पिटला गेला. पण रुग्ण होते अवघे ४९, केमोथेरपी सोबत दिलेल्या पुढच्या अभ्यासांत हा फरक दर वेळी दिसला नाही, आणि मुख्य म्हणजे सीडी१६ए मॅक्रोफेजवरही असतो. त्या आकड्यांवरून रिसेप्टर महत्त्वाचा ठरतो, एनके पेशी नव्हे. माझ्या मते इथे घाई झाली.

त्याच घाईतून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. एफसीवरच्या साखरसाखळीतून फ्युकोज काढलं की सीडी१६एशी पकड कितीतरी पटींनी वाढते. अशी औषधं २०१२ पासून बाजारात आहेत आणि मारेकरी कोण हे न ठरताही ती चालतात.

नंतर जिवंत उंदराच्या यकृतात सूक्ष्मदर्शकाखाली अँटिबॉडी चिकटलेल्या बी पेशी तिथले मॅक्रोफेज पकडून गिळताना दिसले. माणसाच्या गाठीत नेमकं काय होतं, यावर अजून एकमत नाही. दरम्यान एडीसीसीच्या अनेक चाचण्यांत क्रोमियमही उरलेलं नाही. सीडी१६ए बसवलेल्या टी पेशी अँटिबॉडीला भिडल्या की प्रकाश देतात आणि तो प्रकाश मोजला जातो. त्या चाचणीत मारलं कुणालाच जात नाही.