सहा कन्फर्मेशन्स आणि सहा सेकंद

“ब्लॉकचेनवर व्यवहार पक्का व्हायला तासभर लागतोच. सेकंदांत पक्का झाला म्हणणारे फसवतात, नाही का?”

कोथरूडच्या कट्ट्यावर धाकट्या भावाच्या मित्राने मला हे विचारलं. तासाचा हिशेब बिटकॉइनचा आहे: साधारण 10 मिनिटांना व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, आणि रिवाजाने सहा ब्लॉक थांबायचं. तिथे मतदान नसतं. संगणकांचं जास्त काम खर्ची पडलेली साखळी खरी, म्हणून ब्लॉक उलटण्याची शक्यता हळूहळू घटते, शून्य कधीच होत नाही.

कॉसमॉस हब या दुसऱ्या ब्लॉकचेनची रीत वेगळी. नाणी तारण ठेवून व्यवहार तपासणाऱ्या व्हॅलिडेटरांपैकी एक जण ब्लॉक सुचवतो, बाकीचे दोन टप्प्यांत सही करून मत देतात. दोन्ही टप्प्यांत दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली की ब्लॉक पक्का. त्याला काही सेकंद पुरतात.

मताचं वजन समान असलेले 100 व्हॅलिडेटर धरा. हवीत 67 मतं. एकाच फेरीत दोन विरोधी ब्लॉक पक्के व्हायचे तर 134 मतं लागतील, म्हणजे किमान 34 जणांनी दोन्हीकडे सही केलेली असणार. त्या दोन सह्या हाच पुरावा, आणि त्यावरून त्यांची तारण ठेवलेली नाणी कापली जातात.

याची किंमत मात्र आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. 34 जण एकदम बंद पडले तर 67 मतं जमतच नाहीत, साखळी थांबते. साखळीतले ब्लॉक दाखवणाऱ्या एक्सप्लोरर संकेतस्थळावर ब्लॉकचा क्रमांक एकाच आकड्यावर अडकलेला दिसतो. तेव्हा तुमचा नवा व्यवहार ताटकळतो, पण आधी पक्का झालेला उलटत नाही.