रोखे घेणं आणि नोटा छापणं: नवा पैसा दोन्हींत, मग फरक कुठे?

गुरुवार, ५ मार्च २००९. बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि त्याच बैठकीत ठरवलं की पुढच्या तीन महिन्यांत ७५ अब्ज पाउंडांचे रोखे बाजारातून विकत घ्यायचे. दर आणखी खाली न्यायला जागा जवळपास उरली नव्हती, म्हणून हा दुसरा मार्ग. नाव क्वांटिटेटिव्ह ईझिंग, थोडक्यात क्यूई. लोकांनी मात्र त्याचं लगेच बारसं केलं: बँकेने नोटा छापायला घेतल्या.

हे नाव अगदीच खोटं नाही, म्हणून तर ते चिकटलं. बँक ऑफ इंग्लंडने ज्या पैशाने रोखे घेतले तो आधी कुठेच नव्हता. संगणकावर आकडा टाकला आणि पैसा झाला. पण आपल्याकडे ‘सरकारने नोटा छापल्या’ म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो तुटीचा अर्थभरणा, म्हणजे तिजोरी रिकामी झाली की सरकारने मध्यवर्ती बँकेकडे हात पसरायचा. ही दोन निरनिराळी कामं आहेत. घोटाळा होतो तो शेवटच्या ताळेबंदामुळे: दोन्हींत मध्यवर्ती बँकेच्या कपाटात सरकारी कागद दिसतो आणि समोरच्या बाजूला तेवढाच नवा पैसा. फरक पाहायचा तर पैसा कुठून निघून कुठे गेला ते पावलापावलाने बघावं लागतं.

आधी लंडन. एका पेन्शन फंडाकडे दहा कोटी पाउंडांचे ब्रिटिश सरकारी रोखे आहेत. तिथे त्यांना गिल्ट म्हणतात. बँक ऑफ इंग्लंड लिलाव पुकारते, पण उलटा: विकणारे भाव सांगतात आणि बँक स्वस्तातले आधी उचलते. फंडाचा भाव लागला. रोखे बँक ऑफ इंग्लंडकडे गेले. फंडाचं खातं मात्र तिच्याकडे नसतं, ते असतं एखाद्या व्यापारी बँकेत. म्हणून बँक ऑफ इंग्लंड त्या व्यापारी बँकेच्या आपल्याकडच्या खात्यात दहा कोटी जमा करते (याला रिझर्व्ह म्हणतात) आणि ती व्यापारी बँक फंडाच्या खात्यात तेवढीच रक्कम दाखवते.

आता सरकारचं खातं बघा. त्यात एक पेनीही आली नाही. सरकारने ते कर्ज कधीतरी आधीच उचललं आणि खर्चून टाकलं होतं. सावकार तेवढा बदलला. आणि फंडही श्रीमंत झाला नाही. दहा कोटींचा कागद देऊन त्याने दहा कोटींची रोकड घेतली. क्यूई म्हणजे मुळात ही अदलाबदल आहे.

मग उपयोग काय? उपयोग भावात आहे. दहा वर्षांचा, दरसाल ५ पाउंड व्याज देणारा, १०० पाउंडांचा रोखा घ्या. १०० ला मिळाला तर परतावा ५ टक्के. मोठा गिऱ्हाईक बाजारात उतरला आणि भाव १०८ वर गेला, तर आज घेणाऱ्याला मुदतीअखेर १०० च परत मिळणार, म्हणून त्याचा परतावा साधारण ४ टक्क्यांवर येतो. व्याजाची रक्कम तीच, भाव चढला की परतावा उतरतो. एवढं एक गणित डोक्यात बसलं की रोखेबाजाराची निम्मी बातमी कळते. पहिल्या २०० अब्जांच्या खरेदीने गिल्टचा परतावा सुमारे एका टक्क्याने उतरला, असा बँक ऑफ इंग्लंडच्या अभ्यासकांचाच अंदाज आहे. हातात रोकड घेऊन बसलेला फंड मग कंपन्यांच्या रोख्यांकडे, शेअरकडे वळतो. त्यांचेही भाव चढतात आणि कंपन्यांना पैसा उभारणं स्वस्त पडतं. पैसा ‘अर्थव्यवस्थेत जातो’ तो असा वळसा घेऊन.

व्यापारी बँकेकडे जमा झालेलं रिझर्व्ह गिऱ्हाइकांना कर्ज म्हणून वाटलं जातं, असं बरेच जण लिहितात. तसं होत नाही. रिझर्व्ह मध्यवर्ती बँकेच्या खात्यांतच फिरतं, या बँकेकडून त्या बँकेकडे. दुकानदाराच्या हाती ते पडत नाही. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते ती घेणाऱ्याची ऐपत आणि आपलं भांडवल बघून. २००९ मध्ये दोन्हींची बोंब होती. त्यामुळे इतका पैसा ओतूनही कर्जवाटप धडाक्यात वाढलं नाही, आणि ज्यांनी लगोलग अतोनात महागाईचं भाकीत केलं होतं त्यांचं गणित तिथेच चुकलं.

आता दुसरी गोष्ट, आणि तिच्यासाठी परदेशात जायला नको. भारतात १९५५ पासून रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्यात एक व्यवस्था होती. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक शुक्रवारी ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपयांच्या खाली जाऊ द्यायची नाही. गेली, तर सरकारने तितक्या रकमेची ९१ दिवसांची हुंडी रिझर्व्ह बँकेच्या नावे काढायची आणि बँकेने खात्यात पैसे घालायचे. या हुंड्यांना ॲड-हॉक ट्रेझरी बिल्स म्हणत. लिलाव नाही, भाव नाही, विचारणा नाही. १९७४ पासून त्यांचा दर ४.६ टक्क्यांवर खिळून बसला तो शेवटपर्यंत, बाजारातलं व्याज दहा टक्क्यांच्या वर गेलं तरी.

इथलं पाऊल बघा. हुंडी आली, सरकारच्या खात्यात पैसे पडले. (केंद्राची मुख्य खाती रिझर्व्ह बँकेच्या नागपूरच्या केंद्रीय लेखा विभागात सांभाळली जातात, हे नागपूरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.) सरकारने त्यातून पगार दिले, ठेकेदाराचं बिल चुकतं केलं. ठेकेदाराच्या बँकेतली ठेव वाढली, त्या बँकेचं रिझर्व्ह बँकेतलं रिझर्व्ह वाढलं. ताळेबंद लंडनसारखाच दिसतो. पण लंडनच्या फंडाने पैसे घेताना रोखा सोडला होता. इथे ठेकेदाराने कुठलीही बचत सोडलेली नाही. त्याने काम केलं, त्याला पैसे मिळाले, आणि त्या पैशासाठी देशात कुणीही खर्च आवरून सरकारला कर्ज दिलेलं नाही. ही अदलाबदल नव्हे, बाजारात आलेली नवी मागणी आहे. म्हणूनच तुटीचा अर्थभरणा महागाईला जितका थेट हात घालतो तितका क्यूई घालत नाही.

हुंडी ९१ दिवसांची, म्हणजे कागदोपत्री तात्पुरती. प्रत्यक्षात मुदत भरली की जुनीच्या जागी नवी निघे. उधारीची वही फाटली, नवी उघडली, मागची बाकी पुढे ओढली, असा प्रकार. किती पैसा निर्माण करायचा हे मग रिझर्व्ह बँक ठरवत नव्हती, सरकारची शिल्लक ठरवत होती. मागच्या दाराने आलेला पैसा पुढच्या दाराने शोषून घ्यायला रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना जखडलं. १९९० च्या सुमारास ठेवींतले १५ टक्के रोख राखीव ठेवावे लागत आणि आणखी ३८.५ टक्के बहुतांशी सरकारी कागदात. शंभर रुपयांच्या ठेवीतले निम्म्याहून अधिक असे गेल्यावर शेतकऱ्याला, कारखानदाराला द्यायला उरणार काय? माझ्या मते या व्यवस्थेची खरी किंमत इथे मोजली गेली. ४.६ टक्क्यांनी सरकारला स्वस्त पैसा मिळाला आणि त्याचं बिल इतर कर्जदारांच्या नावावर फाडलं गेलं.

तेव्हा एखादी बातमी वाचताना ‘नवा पैसा आला का’ हे विचारून काहीच कळत नाही, तो दोन्हींत येतो. बघायचं ते हे, की रोखे कुणाकडून घेतले आणि परत विकण्याची मुभा कुणाच्या हाती आहे. मध्यवर्ती बँकेने बाजारातल्या भावाने दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून घेतले, आकडा स्वतः ठरवला आणि महागाई वाढल्यावर विकून टाकले, तर ती क्यूई. सरकारकडून थेट, ठरीव दराने, सरकारला हवे तेवढे घेतले, तर ते नोटा छापणं, मग प्रेस नोटमध्ये काहीही म्हणोत.

मधला पट्टा धूसर आहे हेही मान्य करायला हवं. ब्रिटनमध्ये क्यूईतल्या तोट्याची हमी पहिल्या दिवसापासून सरकारची होती. अर्थमंत्र्यांच्या मंजुरीशिवाय ती सुरूच होऊ शकली नसती. आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात बँक ऑफ इंग्लंडने एकूण ४५० अब्ज पाउंडांच्या खरेदीचा निर्णय घेतला, त्याच सुमारास सरकारही जवळपास तेवढेच नवे गिल्ट विकत होतं. व्यापाऱ्याने सकाळी सरकारकडून घ्यायचे आणि काही दिवसांत बँकेला विकायचे, असं झालं की मधला बाजार हा निव्वळ उंबरठा वाटू लागतो. त्यावेळी टीका करणारे मूर्ख नव्हते.

निकाल लागला तो नंतर, परतीच्या वाटेवर. महागाई भडकली तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावर असलेला दर ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ वर नेला आणि नोव्हेंबर २०२२ पासून कपाटातले गिल्ट बाजारात विकायला काढले. हे सरकारच्या सोयीचं मुळीच नव्हतं. रिझर्व्हवर बँक हाच चढा दर देते, तर गिल्टवर तिला जुनं, कमी व्याज मिळतं. शिवाय १०८ ला घेतलेला रोखा परतावा चढल्यावर नव्वदच्या आत विकावा लागतो. आधीच्या दहा वर्षांत याच खात्यातून सरकारला नफ्यापोटी शंभर अब्जांहून जास्त पाउंड गेले होते. आता तोटा भरायला सरकारी तिजोरीतून पैसे उलटे येऊ लागले. फुकटचा पैसा नव्हता तो. सरकारचं लांब मुदतीचं, ठरलेल्या दराचं कर्ज क्यूईने बँकेच्या दराबरोबर बदलणाऱ्या कर्जात बदललं होतं, एवढंच.

ॲड-हॉक हुंड्यांना अशी परतीची वाट नव्हती. १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सी. रंगराजन आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या काळात करार झाला, दरवर्षी मर्यादा घालत नेली आणि १ एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद पडली. तिच्या जागी आली मर्यादित, तात्पुरती उचल, जिला सरकारी भाषेत अर्थोपाय अग्रिम म्हणतात. पण साचलेल्या जुन्या हुंड्या फेडायला पैसे कुठे होते? त्यांचे मुदतच नसलेले खास रोखे करण्यात आले, दर तोच ४.६ टक्के. असा कागद बाजारात कोण घेणार? पुढे टप्प्याटप्प्याने त्यांचं रूपांतर बाजारभावाच्या साध्या सरकारी रोख्यांत करून घेतलं गेलं, तेव्हा कुठे रिझर्व्ह बँकेला ते विकता येऊ लागले.